सोमवार, ९ नोव्हेंबर कुणाला द्यायचा? सणांच्या रजेची पाळी लावण्याची एक पद्धत

२०२६ च्या कॅलेंडरमधलं नोव्हेंबरचं पान बघा. नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन दोन्ही रविवारी, ८ तारखेला. पाडवा मंगळवारी १० ला, भाऊबीज बुधवारी ११ ला. रविवारी साप्ताहिक सुट्टी, मंगळवारी कारखाना बंद, आणि मधला सोमवार मात्र कामाचा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या किंवा काकतीतल्या कुठल्याही शेडमध्ये या एका सोमवारसाठी रजेच्या अर्जांचा गठ्ठा पडणार. भाऊबीजेच्या बुधवारसाठी वेगळे अर्ज येतील, आणि ते मागणाऱ्यांमध्ये बायका जास्त असतील.

बेळगावात या गठ्ठ्याला आणखी काही पदर असतात. एकाच शेडमध्ये मराठा, लिंगायत, जैन, मुसलमान आणि खानापूरकडचे ख्रिस्ती लोक शेजारी शेजारी मशीनवर उभे असतात. काही जण रोज चंदगड तालुक्यातून हद्द ओलांडून कामाला येतात. त्यांच्या मुलांची शाळा महाराष्ट्राच्या वेळापत्रकावर चालते, बाकीच्यांच्या मुलांची कर्नाटकाच्या. मग एकाला रजा मिळाली आणि दुसऱ्याला नाही, की कुजबुज सुरू होते: "साहेब आपल्याच माणसांचं बघतात." बहुतेक वेळा साहेबांच्या मनात तसं काही नसतं. ठरवायची पद्धतच नसते, म्हणून कुणीतरी ओरडतो आणि कुणीतरी गप्प बसतो. गप्प बसणारी माणसं दरवर्षी तीच असतात. हे थांबवता येतं. त्यासाठी एक वही लागते आणि जानेवारीतली एक दुपार.

## कायदा काय देतो आणि कुठे थांबतो

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. सुट्टी म्हणजे सगळ्यांसाठी बंद. रजा म्हणजे काम चालू असताना एकट्याने घेतलेला दिवस. पुढे हे शब्द याच अर्थाने येतील.

कर्नाटकात कारखाने आणि व्यापारी आस्थापनांसाठी राष्ट्रीय व सणांच्या सुट्ट्यांचा १९६३ चा कायदा आहे. त्यानुसार प्रत्येक कामगाराला वर्षाला दहा पगारी सुट्ट्या मिळतात. पाच ठरलेल्या आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर. उरलेल्या पाच सणांच्या. हे पाच सण कोणते, हे कायद्यात लिहिलेलं नाही. ते मालकाने आणि कामगारांनी सल्लामसलतीने ठरवायचे असतात. त्या दिवशी कामावर बोलावलं, तर दुप्पट पगार द्यावा लागतो, किंवा नेहमीचा पगार आणि बदली सुट्टी.

खरा पेच या पाच सणांतच सुरू होतो. बहुतेक ठिकाणी यादी ठरलेली असते: संक्रांत, गुढीपाडवा म्हणजेच युगादी, गणेश चतुर्थी, दसरा आणि दिवाळीचा पाडवा. ही यादी कुणी वाईट हेतूने केलेली नसते. जास्त माणसं त्या दिवशी येणारच नाहीत, म्हणून कारखाना बंद ठेवणं सोयीचं असतं. पण मुसलमान कामगाराच्या बाजूने हिशेब करून बघा. त्याला पाच पगारी सणसुट्ट्या मिळतात आणि पाचही दुसऱ्यांच्या सणांना. रमजान ईद आणि बकरी ईद तो स्वतःच्या रजेतून करतो. ही रजा साधारण वीस दिवस कामाला एक दिवस अशी साठते. शेजारच्या मशीनवरचा माणूस तीच रजा आजारपणाला, लग्नाला, शेतीच्या कामाला वापरतो. दोघांची कागदावरची रजा सारखी, हातात उरणारी सारखी नाही. ख्रिस्ती कामगाराचं गुड फ्रायडेचं आणि जैन कामगाराचं महावीर जयंतीचं तेच.

मराठी माणसाच्या वाट्यालाही असंच काही येतं. कर्नाटक सरकारच्या सुट्ट्यांमध्ये दिवाळीची नरकचतुर्दशी आणि बलिप्रतिपदा असते, भाऊबीज नसते. महाराष्ट्रात लक्ष्मीपूजनाची सुट्टी असते, इथे नसते. त्यामुळे इथल्या यादीत नसलेला सण जपायला काय लागतं, हे सीमाभागातल्या मराठी कामगाराला वेगळं सांगावं लागत नाही. ती जाणीव शेजारच्याच्या ईदपर्यंत पोचायला हवी, एवढंच मला वाटतं.

## तारखा एकमेकांवर का येतात

लोक म्हणतात, "अलीकडे सगळे सण एकदमच येतात." त्यामागे साधं गणित आहे. चंद्राचे बारा महिने मिळून ३५४ दिवस होतात, म्हणजे इंग्रजी वर्षापेक्षा अकरा कमी. मुस्लिम कालगणना ही तूट भरून काढत नाही, त्यामुळे ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. आपलं पंचांगही दरवर्षी तेवढंच मागे सरकतं, पण साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास घालून पुन्हा पुढे येतं. म्हणजे दोन अधिक मासांच्या मधल्या काळात दोन्ही कालगणना जोडीने चालतात.

म्हणूनच टक्कर झाली की ती दोन-तीन वर्षं सलग होते. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, २८ सप्टेंबरला. २०२४ आणि २०२५ मध्ये दोघांत एकेका दिवसाचं अंतर होतं. गुढीपाडवा आणि रमजान ईदही २०२४, २०२५ आणि २०२६ अशी तीन वर्षं दोन-तीन दिवसांच्या आत आली. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. त्यानंतर जोड्या बदलतात. ईद-ए-मिलाद ऑगस्टच्या शेवटी आणि गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, म्हणजे गणपतीपुरती टक्कर सुटली.

काही टकरी मात्र दरवर्षी होतातच, कारण दोन्ही सण एकाच पंचांगावर चालतात. दिगंबर जैनांचं दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीला सुरू होतं आणि अनंत चतुर्दशीला संपतं. म्हणजे गणेशोत्सवाचे दिवस तेच. बेळगावात शिवजयंती तिथीने, वैशाख शुद्ध द्वितीयेला होते आणि बसवजयंती दुसऱ्याच दिवशी, तृतीयेला. मराठा आणि लिंगायत, दोघांनाही तोच आठवडा हवा असतो.

सुपरवायझर एक गोष्ट हमखास चुकतात. गर्दी सणाच्या तारखेलाच होते असं नाही. शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आणि अनंत चतुर्दशीची विसर्जन मिरवणूक रात्रभर चालते. रिकामी पडते ती दुसऱ्या दिवशीची पहिली पाळी. २०२६ मध्ये अनंत चतुर्दशी शुक्रवारी २५ सप्टेंबरला आहे. वहीत गर्दीचा दिवस म्हणून शनिवार २६ चीही नोंद हवी.

## बारा जणांत टक्कर नसते, दोघांत असते

एक लहान युनिट डोळ्यांपुढे आणू. बारा माणसं: सीएनसी मशीनवर सहा ऑपरेटर, दोन सेटर, तपासणीला दोघे, एक इलेक्ट्रिशियन आणि एक डिस्पॅच बघणारा. पार्ट बदलला की मशीन नव्याने लावून देतो तो सेटर. तो नसेल तर ऑपरेटर हजर असूनही नवा जॉब सुरू होत नाही.

मालक म्हणतो, "बारातले चार गेले तरी चालेल." पण ते चार कोण? दोन्ही सेटर गेले तर शेड बंद. चार ऑपरेटर गेले तर दोन मशीनं चालतील. म्हणून रजेच्या जागा एकूण माणसांवर न मोजता कामाच्या प्रकारावर मोजायच्या. या युनिटमध्ये काम चालवायला किमान चार ऑपरेटर, एक सेटर आणि एक तपासनीस लागतो असं धरू. म्हणजे एका दिवशी दोन ऑपरेटर, एक सेटर आणि एक तपासनीस रजेवर जाऊ शकतो. प्रत्येक गटाची रांग वेगळी.

इथे एक अवघड गोष्ट समोर येते. सेटर दोघंच आहेत. समजा एक मराठा, दुसरा मुसलमान. २०२६ चा पाडवा गुरुवारी १९ मार्चला, ईद चंद्रदर्शनानुसार २० किंवा २१ ला. मराठा सेटरला पाडव्याला जोडून शुक्रवार हवा, दुसऱ्याला ईदचा दिवस हवा आणि तो दिवस कोणता हे आदल्या रात्रीपर्यंत कळणार नाही. यावर गोड बोलून उपाय निघत नाही. तिसरा माणूस तयार करावा लागतो. एखाद्या हुशार ऑपरेटरला वर्षभरात नेहमीच्या चार-पाच जॉबचं सेटिंग शिकवलं, तर सणाच्या आठवड्यात तेच जॉब लावायचे आणि दोन्ही सेटरना सोडायचं. रजेची भांडणं ज्या कारखान्यात कायमची असतात, तिथे शोधलं तर मुळाशी बहुतेक वेळा हेच सापडतं: एक काम येणारी माणसं दोनच, आणि तिसरा तयार करायला कुणी वेळ काढलेला नाही.

## दोन हक्काचे दिवस, बाकीची पाळी

पद्धत दोन टप्प्यांत चालते.

पहिला टप्पा जानेवारीत. प्रत्येकजण वर्षातले दोन दिवस हक्काचे म्हणून लिहून देतो. कारण विचारायचं नाही. ईद असो, भाऊबीज असो, गुड फ्रायडे असो, मुलीचा वाढदिवस असो. सरकारी कार्यालयांत आर.एच. म्हणजे ऐच्छिक सुट्टी म्हणून यादीतले दोन दिवस निवडता येतात, त्याच धर्तीवर हे आहे. फरक इतकाच, की इथे यादीचं बंधन नाही. मालक तयार असेल तर हे दोन दिवस कायद्याच्या दहा सुट्ट्यांच्या वर, पगारी द्यावेत. नसेल तर ते कामगाराच्या साठलेल्या रजेतून जातील, पण तारीख पक्की राहील. माझं मत पहिल्याच्या बाजूने आहे, कारण यादीबाहेरच्या सणांचा वर सांगितलेला तोटा त्यानेच भरून निघतो.

चंद्रावर अवलंबून असलेला सण असेल तर लागोपाठ दोन तारखा राखून ठेवायच्या आणि आदल्या रात्री एक सोडायची. सुटलेल्या तारखेला तो माणूस कामावर येतो. त्याच्या खात्यावर एकच दिवस पडतो.

दुसरा टप्पा गर्दीच्या दिवसांचा. ज्या दिवशी जागांपेक्षा अर्ज जास्त, तो गर्दीचा दिवस. तिथे पाळी चालते. भावाभावांत सामाईक विहीर असली की पाण्याची पाळी असते ना, तसंच. ज्याने पाणी घेतलं तो रांगेच्या शेवटी जातो, ज्याचं राहिलं तो पुढेच राहतो. कुणाचा ऊस मोठा आणि कुणाचं कुटुंब मोठं यावर दरवेळी वाद घालावा लागत नाही. पहिल्या वर्षी रांग चिठ्ठ्या टाकून लावायची, सगळ्यांसमोर. गर्दीचा दिवस मिळाला की माणूस शेवटी. नकार मिळाला तर जागा तीच. हक्काचे दोन दिवस या रांगेच्या बाहेर आहेत. ते घेतल्याने कुणी मागे जात नाही.

## आता तो सोमवार

सहा ऑपरेटर घेऊ. चंदगडहून येणाऱ्या ताई, त्यांना दोन शाळकरी मुलं. खानापूरचे ख्रिस्ती ऑपरेटर. एक लिंगायत, एक जैन, एक मुसलमान आणि एक अविवाहित मराठा तरुण. नोव्हेंबर येईपर्यंत वर्षातल्या आधीच्या गर्दीच्या दिवसांमुळे रांग अशी झाली आहे: ख्रिस्ती, लिंगायत, तरुण, मुसलमान, जैन आणि शेवटी ताई.

सोमवार ९ साठी पाच अर्ज आले. मुसलमान ऑपरेटर सोडून सगळ्यांचे. जागा दोन. हक्काचा दिवस म्हणून सोमवार कुणीच लिहिला नव्हता, म्हणून थेट रांग. पहिले ख्रिस्ती, दुसरे लिंगायत. दोघांना रजा मिळाली, दोघेही रांगेच्या शेवटी गेले. आता रांग: तरुण, मुसलमान, जैन, ताई, ख्रिस्ती, लिंगायत.

बुधवार ११ साठी तीन अर्ज: ताई, तरुण आणि मुसलमान ऑपरेटर, ज्यांच्या घरी त्या दिवशी पुतणीची सोयरीक ठरवायला पाहुणे येणार आहेत. ताईंनी जानेवारीतच भाऊबीज हक्काची म्हणून लिहिली होती. एक जागा त्यांची, चर्चाच नाही. दुसऱ्या जागेसाठी तरुण आणि मुसलमान ऑपरेटर. तरुण पुढे आहे, कारण सोमवारी त्याला नकार मिळाला होता. त्याला बुधवार मिळाला, तो कोल्हापूरला बहिणीकडे जाईल, आणि रांगेच्या शेवटी गेला. आता पहिल्या क्रमांकावर मुसलमान ऑपरेटर, मग जैन, मग ताई. पुढचा गर्दीचा दिवस कोणताही असो, पहिला शब्द मुसलमान ऑपरेटरचा.

सगळे खूश झाले का? नाही. ताईंना सोमवार मिळाला नाही, म्हणजे मुलांना घेऊन सलग चार दिवस माहेरी राहता येणार नाही. जैन ऑपरेटरना काहीच मिळालं नाही. सोयरीकही त्या दिवशी संध्याकाळवर गेली. पण प्रत्येकाला का मिळालं नाही हे वहीत दिसतं, आणि पुढे आपला नंबर कितवा हेही दिसतं. दुसऱ्या वर्षी ताई कदाचित हक्काचे दोन्ही दिवस दिवाळीत लावतील. ते त्यांनी ठरवायचं.

## "जो आधी अर्ज देईल त्याला द्या, सोपं आहे"

सोपं आहे हे खरं. पण भाऊबीजेची तारीख वर्षभर आधी छापलेली असते आणि ईदची पक्की तारीख आदल्या रात्री कळते. आधी येणाऱ्याला आधी, या नियमात ज्याचा सण पंचांगात छापलेला आहे तो नेहमी जिंकतो. शिवाय पहिल्या पाळीतला माणूस सकाळी सहाला अर्ज ठेवतो, तोवर रात्रपाळीचा नुकताच घरी पोचलेला असतो. आणि एकदा हा नियम कळला की मार्चमध्येच दिवाळीचे अर्ज येऊ लागतात, लागतील की नाही हे माहीत नसताना.

ज्येष्ठतेनेही तसंच होतं. पंधरा वर्षं नोकरी झालेल्याला प्रत्येक दिवाळी मिळते आणि नव्या पोराला पंधरा वर्षं थांबायला लागतं. ज्येष्ठतेचा मान पगारात, पदात ठेवावा. सणाच्या तारखेत नको.

## "दिवाळी त्यांची नाही, मग त्यांनीच कामावर यावं"

हे वाक्य कित्येकदा प्रेमानेच म्हटलं जातं. "तुम्ही दिवाळीला सांभाळा, आम्ही ईदला सांभाळतो." दोघांनी आपखुशीने ठरवलेली अशी अदलाबदल फार चांगली, आणि बेळगावच्या कितीतरी शेडमध्ये ती वर्षानुवर्षं चालत आलेली आहे. ती मोडू नये. पण ती गृहीत धरली की गणित बिघडतं. दिवाळीच्या आठवड्यात गर्दीचे तीन-चार दिवस असतात, ईदला एक. एकाच्या बदल्यात चार असा व्यवहार होतो. शिवाय शाळा त्याच्या मुलांनाही त्याच दिवशी बंद असते, त्याच्या घरीही पाहुणे त्याच सुट्टीत येतात. जैनांची तर दिवाळी स्वतःचीच आहे, महावीरांच्या निर्वाणाची. कुणाचा सण कोणता हे सुपरवायझरने नावावरून ठरवायला गेलं की पहिली चूक तिथेच होते. म्हणून हक्काच्या दिवसाचं कारण विचारायचं नाही.

१ नोव्हेंबरच्या कर्नाटक राज्योत्सवालाही हेच लागू. त्या दिवशी बेळगावात कुणी लाल-पिवळा झेंडा लावतो, कुणी निषेधाची काळी फीत बांधून सायकल फेरीत जातो. रजेच्या दृष्टीने ती सगळ्यांची पगारी सुट्टी आहे, आणि ती कुणी कशी घालवली हे कारखान्याच्या वहीत येण्याचं कारण नाही.

## "मुलं असणाऱ्यांना आधी नको का?"

हा प्रश्न सगळ्यात नाजूक आहे, कारण दोन्ही बाजू बरोबर आहेत. शाळेला सुट्टी लागली आणि घरी बघणारं कुणी नाही, तर आईबापांपैकी एकाला थांबावंच लागतं. दुसरीकडे, ज्याला मुलं नाहीत त्याची म्हातारी आई गावाकडे एकटीच दिवा लावते. तिचा मुलगा "तुला काय, तू एकटाच आहेस" हे वाक्य दरवर्षी ऐकतो.

माझं म्हणणं असं, की आईबापांची गरज तारखेची कमी आणि आठवड्यांची जास्त असते. कर्नाटकच्या शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याला आणि एप्रिल-मेमध्ये. महाराष्ट्राच्या शाळांना दिवाळीत, आणि उन्हाळ्याची सुट्टी जूनच्या मध्यापर्यंत. म्हणजे चंदगडच्या ताईंना जूनच्या पहिल्या पंधरवड्यात रजा लागते, तेव्हा बेळगावातल्या मुलांची शाळा सुरू झालेली असते. सीमाभागात दोन वेळापत्रकं असणं इथे उलट उपयोगी पडतं, सगळ्या आईबापांना एकच आठवडा नको असतो. म्हणून लांब रजेसाठी, म्हणजे सलग चार दिवस किंवा जास्त, शाळेच्या सुट्टीत आईबापांना पहिला मान द्यावा. एकट्या सणाच्या तारखेला मात्र रांग सगळ्यांना सारखी. आणि लांब रजेत गर्दीचा दिवस येत असेल तर त्या दिवसापुरती रांगच चालेल. नाहीतर मुलांच्या नावावर दिवाळीचा अख्खा आठवडा कायमचा एकाच गटाकडे जातो.

अविवाहितांना याच्या बदल्यात काही द्यायचं का? द्यावं. शाळा चालू असतानाच्या महिन्यांत लांब रजेचा पहिला मान त्यांचा.

## गावची लक्ष्मी यात्रा

बेळगावच्या आसपासच्या गावांत महालक्ष्मी यात्रा वर्षाला होत नाही. बऱ्याच वर्षांनी एकदा होते आणि सासरी गेलेल्या लेकीबाळींसह अख्खं गाव जमतं. त्या गावचा माणूस रांगेत शेवटी असला म्हणून त्याला नाही म्हणणं बरोबर नाही. ती यात्रा पुन्हा येईल तेव्हा तो कदाचित निवृत्त झालेला असेल. अशा विरळ प्रसंगासाठी प्रत्येकाला नोकरीच्या दर पाच वर्षांत एकदा रांग ओलांडायची मुभा ठेवावी, आधी कळवण्याच्या अटीवर. यात्रेची तारीख गाव बरंच आधी ठरवतं, त्यामुळे कळवणं अवघड नसतं. एकाच गावचे तीन ऑपरेटर असले तर मात्र जॉब पुढेमागे करूनच वाट काढावी लागते.

## बिघडलं हे कसं ओळखायचं

पहिली खूण आजारपणाची. सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी "अंगात ताप आहे" असे फोन वाढले, तर लोकांचा रांगेवर विश्वास बसलेला नाही. अशा वेळी डॉक्टरची चिठ्ठी मागत बसण्यापेक्षा त्या दिवसाला गर्दीचा दिवस म्हणून वहीत घ्यावं आणि जागा मोकळ्या कराव्यात.

दुसरी खूण अदलाबदलीची. दोघांनी आपापले दिवस बदलून घेतले तर हरकत नाही, दोघांच्या सह्या वहीत हव्यात. पण बदलून देणारा नेहमी तोच नवा पोरगा असेल, किंवा मुसलमान ऑपरेटरचा हक्काचा दिवस दरवर्षी "दोस्तीत" कुणाकडे तरी जात असेल, तर तो आपखुशीचा व्यवहार नाही. हक्काचा दिवस वर्षातून एकदाच देता येईल असा नियम केला की हा दबाव बराच कमी होतो.

तिसरी खूण डिसेंबरच्या हिशेबात सापडते. प्रत्येकाच्या नावापुढे गर्दीचे दिवस किती मागितले आणि किती मिळाले हे लिहायचं. रांग नीट चालली असेल तर नकार एकाच ठिकाणी साचत नाहीत. साचले असतील तर दोन शक्यता: सुपरवायझरने मध्ये हात घातला, किंवा त्या गटात माणसंच कमी आहेत. पहिल्यावर उपाय म्हणजे रांगेचा कागद नोटीस बोर्डवर लावणं. दुसऱ्यावर उपाय शिकवण्याचा.

ज्या कामाला माणूस एकच आहे तिथे ही पद्धत चालत नाही. आपल्या बारा जणांतला इलेक्ट्रिशियन बघा. त्याच्याशी रांगेत कुणीच नाही, म्हणजे कागदावर त्याला प्रत्येक दिवस मोकळा, आणि प्रत्यक्षात एकही नाही, कारण पॅनेल बंद पडलं तर फोन त्यालाच जातो. त्याच्यासाठी बाहेरच्या इलेक्ट्रिशियनशी सणाच्या दिवसांपुरता करार करायचा, आणि त्याच्या हक्काच्या दोन दिवशी त्याला फोन करायचा नाही, हे मालकाने लिहून द्यायचं. दोन-तीन माणसांच्या दुकानात तर रांग लावायला माणसंच नसतात. तिथे मालकाने स्वतः गल्ल्यावर बसायचं किंवा शटर ओढायचं, आणि कोणत्या दिवशी काय, हे जानेवारीतच सांगून टाकायचं.